न विचारता बदललेली शीर्षकं

वेबसाइटच्या प्रत्येक पानाला एक शीर्षक असतं, आणि ते खुद्द पानावर कुठेच दिसत नाही. ब्राउझरच्या टॅबवर त्याचे पहिले दोन-चार शब्द डोकावतात. गूगलवर काही शोधल्यावर यादीत ठळक अक्षरांतली जी ओळ आपण दाबतो, ती बहुतेक वेळा हेच शीर्षक असते. पानाच्या कोडमध्ये ते असं लिहिलेलं असतं:

```html
<title>Kanda Lasun Masala, Kolhapuri, Homemade | Order Online</title>
```

पानावर दिसत नसल्यामुळे ते कुणी बदललं तर मालकाच्या लक्षात येत नाही. फोटो बदलला, किंमत बदलली तर पहिल्याच दिवशी घरातलं कुणीतरी विचारतं. शीर्षक बदललं तर आधी गूगलवरून येणारी माणसं कमी होतात, मग ऑर्डरी कमी होतात, आणि त्यानंतर केव्हातरी कारणाचा शोध सुरू होतो. छोट्या व्यावसायिकांनी साइटचं काम बाहेरच्या एजन्सीकडे दिलेलं असतं आणि साइटच्या आत काय चालतं ते पाहायची त्यांना सवय नसते. म्हणून असा प्रसंग आला की एजन्सीला नेमकं काय लिहायचं, इथेच बहुतेकांची गाडी अडते. रागाच्या भरात लिहिलेला ईमेल सहसा एकाच वाक्यावर उभा असतो: ‘तुमच्यामुळे आमचा धंदा बसला.’ एजन्सीला नाकारायला सर्वांत सोपं वाक्य हेच असतं.

एक उदाहरण घेऊन हे नीट पाहू. उदाहरण आणि त्यातले आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यातली प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात घडते तशीच आहे.

कोल्हापूरजवळचं एक कुटुंब घरगुती मसाले, मेतकूट आणि चटण्या ऑनलाइन विकतं. साइटवर 40 पानं उत्पादनांची आणि 20 पानं पाककृतींची आहेत. एका एजन्सीला दरमहा पैसे देऊन गूगलवरची जागा सांभाळण्याचं काम दिलेलं आहे. मार्च आणि एप्रिलमध्ये एजन्सीने काही बदल सुचवले, आधी शीट पाठवली, घरून ‘ठीक आहे’ आल्यावर ते केले. जूनमध्ये मात्र कुणीच काही विचारलं नाही. महिन्याच्या अहवालात एक ओळ आली: ‘मेटा ऑप्टिमायझेशन पूर्ण, 9 जून.’ कांदा-लसूण मसाल्याच्या पानाचं शीर्षक आता असं झालं होतं:

```html
<title>Premium Authentic Spices | Buy Now at Best Price</title>
```

उरलेल्या 39 पानांवरही थोड्याफार फरकाने हाच साचा होता. ‘कांदा लसूण’ गेलं, ‘कोल्हापुरी’ गेलं, मेतकुटाच्या शीर्षकातून ‘मेतकूट’ हा शब्दच गेला. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसून जो माणूस मेतकूट शोधतो, त्याला या ओळीत आपल्याला हवी ती वस्तू आहे हे कळायला काही मार्ग राहिला नाही.

आता ईमेल लिहिण्याआधी एक भेद स्पष्ट करून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्याच भेदात आहे. बदल मंजुरीशिवाय झाला ही एक गोष्ट. बदलामुळे येणारी माणसं घटली ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट कागदावर सिद्ध आहे: एजन्सीच्याच अहवालात तारीख आहे आणि आपल्या इनबॉक्समध्ये मंजुरीचा ईमेल नाही. दुसरी गोष्ट तपासावी लागते आणि तिच्यात वादाला जागा असते. म्हणून शीर्षकं पूर्ववत करण्याची मागणी पहिल्या गोष्टीवर उभी करायची आणि अहवालाची मागणी दुसऱ्या गोष्टीवर. हे दोन्ही एकात मिसळलं की घसरणीच्या कारणावर वाद सुरू होतो, आणि तो मिटेपर्यंत नवी शीर्षकं तशीच राहतात.

तपासाची सुरुवात पुरावा गोळा करण्यापासून करावी, कारण शीर्षकं पूर्ववत झाली की आजची स्थिती पुसली जाते. संगणकावर प्रत्येक महत्त्वाचं पान उघडून पेज सोर्स बघता येतो. त्यात `<title>` शोधून त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावा. जुनी शीर्षकं कोणती होती हे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडू शकतं. ही संस्था जगभरच्या साइट्सच्या जुन्या प्रती साठवते आणि 2001 पासून त्या सगळ्यांना पाहता येतात. छोट्या साइटच्या सगळ्याच पानांच्या प्रती तिथे असतील असं नाही, पण मुख्य पानं बऱ्याचदा मिळतात. होस्टिंग कंपनीकडे 9 जूनच्या आधीचा बॅकअप आहे का हेही त्याच दिवशी विचारावं. अनेक कंपन्या बॅकअप ठरावीक दिवसच ठेवतात आणि मग त्यावर नवा चढवतात.

त्यानंतर गूगल सर्च कन्सोल. हे गूगलचं मोफत साधन आहे. आपलं पान शोधयादीत किती वेळा दिसलं, किती वेळा दाबलं गेलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, हे त्यात गेल्या 16 महिन्यांचं पाहता येतं. दिसण्याला इम्प्रेशन म्हणतात आणि दाबण्याला क्लिक. हे आकडे गूगलच्या बाजूने मोजलेले असतात, म्हणून ते पाहणं विशेष गरजेचं आहे. साइटवरच्या मोजणीचा कोड जर एजन्सीच्या हातून चुकून निघाला असेल, तर साइटच्या आकडेवारीत माणसं घटलेली दिसतात आणि प्रत्यक्षात कुणीच कमी झालेलं नसतं. सर्च कन्सोलमधले क्लिक आणि हातात आलेल्या ऑर्डरी, दोन्ही घटले असतील तरच घसरण खरी.

आपल्या कुटुंबाने बदलाआधीचे 28 दिवस, 12 मे ते 8 जून, आणि नंतरचे 28 दिवस, 9 जून ते 6 जुलै, असे समोरासमोर ठेवले. 28 हा आकडा मुद्दाम घेतला आहे. त्यात चार पूर्ण आठवडे येतात, म्हणून शनिवार-रविवार दोन्हीकडे सारखेच पडतात. उत्पादनांच्या 40 पानांचे क्लिक 2,400 वरून 1,350 वर आले होते, म्हणजे 44 टक्के घट.

एवढ्यावर ईमेल पाठवायचा मोह होतो, पण इथे थांबायला हवं. वर्षाचा मसाला लोक उन्हाळ्यात करतात किंवा मागवतात. जूनमध्ये पाऊस लागला की मागणी उतरते, आणि ती शीर्षक न बदलताही उतरली असती. म्हणून गेल्या वर्षीचे तेच दोन कालखंड काढले. तेव्हा क्लिक 2,100 वरून 1,850 वर आले होते, म्हणजे सुमारे 12 टक्के घट. यंदाच्या 44 टक्क्यांमधला एवढा भाग ऋतूच्या खात्यावर जातो. उरलेला भाग मोठा आहे आणि त्याचं उत्तर मागायला हवं.

याहून बोलका पुरावा साइटच्याच दुसऱ्या भागात असतो. पाककृतींच्या 20 पानांना एजन्सीने हात लावला नव्हता. त्यांचे क्लिक 1,100 वरून 1,060 वर आले, म्हणजे जवळपास जागच्या जागी. गूगलने त्या काळात आपली पद्धत बदलली असती, साइट मंदावली असती किंवा बंद पडत असती, तर दोन्ही प्रकारच्या पानांना झळ पोहोचण्याचीच शक्यता जास्त होती. बदललेली पानं पडली आणि न बदललेली टिकली, हे पूर्ण सिद्धता नसली तरी संशयाचं बोट एकाच दिशेला दाखवतं.

मग एकेका पानात शिरायचं, कारण घसरण दोन वेगळ्या वाटांनी होऊ शकते. कांदा-लसूण मसाल्याचं पान आधी 18,000 वेळा दिसलं होतं, नंतर 15,300 वेळा. त्याचा क्रमांक 4.3 वरून 4.6 झाला, म्हणजे जागा जवळजवळ तीच. पण आधी दर शंभरात चार जण ओळ दाबत होते, आता दोनच दाबतात. क्लिक 720 वरून 306 झाले. जागा कायम आणि दाबणारे अर्धे, याचा अर्थ ती ओळ वाचून लोक पुढे जात आहेत. दुकानाच्या पाटीवरून मालाचं नावच पुसलं तर रस्त्यावरची वर्दळ तशीच राहूनही गिऱ्हाईक आत शिरत नाही, तसं हे आहे. मेतकुटाच्या पानाचं दुखणं वेगळं होतं. ते पाचव्या क्रमांकावरून तेराव्यावर घसरलं होतं. पान कशाबद्दल आहे हे समजून घेताना गूगल शीर्षकातले शब्दही विचारात घेतं, आणि त्यातला मुख्य शब्दच निघून गेला होता.

यात एक खाचखळगा आहे. गूगल शोधयादीत नेहमी आपलंच शीर्षक दाखवतं असं नाही. कधी ते पानावरचं मोठं ठळक मथळ्याचं वाक्य उचलतं, कधी स्वतःच ओळ जुळवतं. 2021 मध्ये गूगलने सांगितलं होतं की पानाचं मूळ शीर्षक साधारण 87 टक्के वेळा वापरलं जातं. म्हणून यादीत सध्या कोणती ओळ दिसते ते स्वतः शोधून पाहावं. जुनंच शीर्षक अजून दिसत असेल किंवा गूगलने स्वतःची ओळ लावली असेल, तर कमी क्लिकचं खापर नव्या शीर्षकावर फोडता येत नाही. आपल्या उदाहरणात नवी ओळच दिसत होती.

एवढं झालं की ईमेल लिहायला बसावं. तो असा असू शकतो:

विषय: मंजुरीशिवाय बदललेली 40 पानांची शीर्षकं, पूर्ववत करणे आणि अहवाल

नमस्कार,

तुमच्या जून महिन्याच्या अहवालानुसार 9 जूनला आमच्या 40 उत्पादन पानांची शीर्षकं बदलली गेली. या बदलांची यादी आम्हाला आधी मिळाली नव्हती आणि आम्ही त्यांना मंजुरी दिलेली नाही. मार्च आणि एप्रिलमधले बदल तुम्ही आमची संमती घेऊनच केले होते. ते ईमेल सोबत जोडले आहेत.

जुनी शीर्षकं सोमवार, 13 जुलै, संध्याकाळी सहापर्यंत परत लावावीत ही विनंती. यादी जोडली आहे. त्यात पानाचा पत्ता, जुनं शीर्षक आणि सध्याचं शीर्षक दिलं आहे. ज्या पानांचं जुनं शीर्षक आमच्याकडे नाही तिथे रकाना रिकामा आहे, ते तुमच्या नोंदींतून किंवा 8 जूनच्या बॅकअपमधून घ्यावं. पूर्ण बॅकअप साइटवर चढवू नये. 9 जूननंतरच्या ऑर्डरी त्यात पुसल्या जातील. फक्त शीर्षकं परत लावावीत आणि काम झाल्यावर कळवावं. तोपर्यंत साइटवर दुसरा कोणताही बदल करू नये.

9 जून ते 6 जुलै या काळात या 40 पानांचे गूगलवरचे क्लिक आधीच्या 28 दिवसांच्या तुलनेत 44 टक्क्यांनी घटले. गेल्या वर्षी याच काळात ऋतूमुळे 12 टक्के घट झाली होती. ज्या 20 पानांची शीर्षकं बदलली नाहीत, त्यांचे क्लिक जवळपास तेवढेच आहेत. सर्च कन्सोलमधली आकडेवारी जोडली आहे. घटीचं कारण काय, याबद्दल तुमचं म्हणणं आम्हाला लेखी हवं आहे.

शुक्रवार, 17 जुलैपर्यंत अहवाल पाठवावा. कोणत्या पानावर काय बदललं, केव्हा, कुणी आणि कोणत्या विचाराने, हे त्यात असावं. शीर्षकांखेरीज पानांचे पत्ते, पानावरचे मथळे, वर्णनं किंवा गूगलला दिलेल्या सूचना यांतलं काही बदललं असेल तर तेही लिहावं. प्रत्येक पानाचे आधीचे आणि नंतरचे आकडे वेगवेगळे द्यावेत.

यापुढे साइटवरचा कोणताही बदल या पत्त्यावरून लेखी होकार आल्यावरच करावा.

कळावे.

ईमेलमध्ये नुकसानभरपाई नाही, बिल थांबवण्याची धमकी नाही, आणि ‘तुमच्यामुळे’ हा शब्द नाही. पहिल्या ईमेलमध्ये ते नसावंच. समोरच्या माणसाला काम पटकन करता आलं पाहिजे, आणि वकिलाचा सल्ला घेत बसावं असं त्याला वाटू नये. तरीही हा मजकूर मऊ नाही. उद्या वाद वाढलाच तर तारखा, मागणी आणि मुदत यांची नोंद त्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 10अ नुसार एखादा करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो अवैध ठरत नाही. त्यामुळे शीट पाठवून ईमेलवर होकार घेण्याची दोन महिन्यांची रीत हलकी समजू नये. मूळ कंत्राटात मंजुरीचा शब्द नसेल तर ही रीतच आपल्या बाजूने बोलते. आणि भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 73 मध्ये नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते मार्ग उपलब्ध होते हेही पाहिलं जातं. घसरण दिसल्यावर दोन महिने गप्प बसणाऱ्याची बाजू त्यामुळे लंगडी पडते.

बॅकअपबद्दलचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वर्डप्रेसवर चालणाऱ्या दुकानात पान, शीर्षक आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी एकाच डेटाबेसमध्ये असतात. घाईत कुणी 8 जूनचा अख्खा डेटाबेस परत चढवला तर शीर्षकं येतील, आणि महिन्याभराच्या ऑर्डरी, पत्ते, पैसे भरल्याच्या नोंदी जातील. पानाच्या मजकुराच्या जुन्या आवृत्त्या वर्डप्रेस स्वतः जपतं, त्यामुळे ‘जुनी आवृत्ती लावा’ असंही कुणी सुचवेल. पण गूगलसाठीचं शीर्षक सहसा योस्टसारख्या वेगळ्या प्लगइनमध्ये भरलेलं असतं आणि ते त्या आवृत्त्यांमध्ये आपोआप साठत नाही. म्हणून बॅकअप बाजूला वेगळा उघडायचा, त्यातून फक्त शीर्षकं काढायची आणि चालू साइटवर भरायची, हाच सुरक्षित रस्ता आहे. पानांचे पत्तेही बदलले असल्याचं अहवालातून निघालं, तर जुने पत्ते परत आणून नव्या पत्त्यांवरून त्यांच्याकडे कायमची वळवणी, म्हणजे 301 रिडायरेक्ट, लावावी लागते.

एजन्सीचं उत्तर बहुधा तीनपैकी एका प्रकारचं येतं. ‘थोडं थांबा, नवी शीर्षकं रुळतील.’ शीर्षक बदलल्यावर काही दिवस आकडे हलतात हे खरं आहे, पण थांबायचं की नाही हे साइटच्या मालकाने ठरवायचं असतं, आणि तो प्रश्न त्याला 9 जूनआधी विचारायला हवा होता. ‘गूगलचा अपडेट आला होता,’ हे दुसरं उत्तर. गूगल मोठ्या अपडेटच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा आपल्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर जाहीर करतं. मार्च 2024 चा अपडेट 5 मार्चला सुरू होऊन 19 एप्रिलला संपला, म्हणजे दीड महिना चालला. तेव्हा असं घडू शकतं, पण तारीख दाखवावी लागेल, आणि पाककृतींची पानं का टिकली तेही सांगावं लागेल. तिसरं उत्तर म्हणजे संपूर्ण साइटच्या सरासरीचे रंगीत आलेख. 60 पानांच्या सरासरीत 40 पानांची घसरण बऱ्यापैकी लपते, म्हणूनच ईमेलमध्ये प्रत्येक पानाचे आकडे वेगळे मागितले आहेत.

शीर्षकं परत लागली असं कळलं की तेवढ्यावर विश्वास न ठेवता पेज सोर्स पुन्हा उघडून पाहावा. साइटवर कॅशे असेल तर जुनी प्रत दिसत राहते, ती साफ करून घ्यावी. मग सर्च कन्सोलमध्ये महत्त्वाच्या पानांचा पत्ता टाकून गूगलला ते पान पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. दिवसाला मोजक्याच पानांसाठी ती करता येते, म्हणून जास्त खपाच्या पानांपासून सुरुवात करावी. तरी गूगल पुन्हा वाचायला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ घेतं, आणि गेलेली जागा जशीच्या तशी परत मिळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

या काळात एजन्सीचा प्रवेश घाईने तोडू नये, कारण दुरुस्ती तिनेच करायची आहे. पण सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून आपलं नाव आहे का ते जरूर पाहावं. अनेकदा एजन्सीने ते आपल्या खात्यावर उघडलेलं असतं. डोमेन आपल्या नावावर असेल तर त्याच्या डीएनएस सेटिंगमध्ये गूगलने दिलेली एक टेक्स्ट नोंद भरून मालकी स्वतः सिद्ध करता येते.

खरा निकाल पुढच्या 28 दिवसांत लागतो. गूगलने जुनी शीर्षकं पुन्हा दाखवायला सुरुवात केली त्या दिवसापासून मोजणी सुरू करावी आणि तेच दोन गट पुन्हा समोरासमोर ठेवावेत. 40 पानं वर आली आणि पाककृतींची 20 पानं जागीच राहिली, तर कारण शीर्षकांचंच होतं असं बऱ्याच खात्रीने म्हणता येईल, आणि भरपाईचं किंवा पुढच्या महिन्याच्या बिलाचं बोलणं तेव्हा काढावं. कांदा-लसणाचं पान सावरलं पण मेतकूट तेराव्याच क्रमांकावर राहिलं, तर त्या पानावर आणखी काहीतरी बदललं आहे, आणि अहवालातली त्याची ओळ पुन्हा वाचायची वेळ आली आहे.